दुष्काळात कुठलं जनावर ठेवायचं, कुठलं विकायचं आणि कुठलं वेळेत हलवायचं : सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

मी पशुवैद्यक आहे, सिन्नरच्या पूर्व भागात जनावरं बघतो. हे प्रकरण २०२३-२४ च्या दुष्काळातलं, एका कुटुंबाचं. त्यांना विचारूनच लिहितोय पण नाव, गाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात. आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत, थोडे गोल केलेले. चारा आणि दुधाचे भाव त्यांना त्यावेळी मिळाले ते, तुमच्याकडे वेगळे असतील.

पार्श्वभूमी

घरात अण्णा, काकू, अण्णांचे वडील आबा आणि अण्णांचा कॉलेज करणारा मुलगा. साडेचार एकर रान, त्यात एक बोअर जो चांगल्या वर्षी मार्चपर्यंत चालतो. घर दुधावर चालतं, सोयाबीन मका हे वरचं.

२०२३ चा ऑगस्ट आठवतोय ना, अख्ख्या देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आमच्याकडे मका गुडघ्याच्या वर कंबरेएवढा होऊन थांबला, कणसं भरलीच नाहीत. सोयाबीनला शेंगा दोन-चार, बाजरी बरी म्हणायची. सप्टेंबरच्या शेवटी थोडा पाऊस झाला पण त्याने बोअरला काही पाणी आलं नाही, आणि रब्बीची ज्वारी पेरायची तर ओलच नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी शासनाने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सिन्नर होताच.

१० ऑक्टोबरच्या आसपास गोठ्यात हे होतं. सात संकरित गाई: पांढरी (दीड महिन्यापूर्वी व्यालेली, १७ लिटर), चंद्री (अडीच महिने झालेले, १४ लिटर), कपिला (१० लिटर, चार महिन्यांची गाभण), तांबडी (५ लिटरवर आलेली, साडेसहा महिन्यांची गाभण), एक पहिल्या वेताची (११ लिटर, दोन महिन्यांची गाभण), एक सारखी उलटणारी (६ लिटर, चार वेळा भरवून राहिलेली नाही) आणि एक म्हातारी भाकड, जी आबांची लाडकी. तीन कालवडी, त्यातली एक तीन महिन्यांची गाभण, दोन लहान. एक बैलजोडी. आणि संगमनेरी वळणाच्या अकरा शेळ्या, चार बोकड.

अडचण नेमकी काय होती

चारा कमी आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. किती कमी आहे आणि तो कुठल्या तारखेला संपणार हे मात्र कुणी मोजलेलं नव्हतं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक घरं इथेच अडकतात. गंजी मोठी दिसते म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि फेब्रुवारीत अचानक तळ दिसतो.

म्हणून आधी वही घेऊन बसलो, मुलाने मोबाईलवर गुणाकार केले. हिशोब साधाच आहे. मोठ्या गाईला दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो, त्यातला काही भाग पेंडेतून जातो म्हणून दुधाच्या गाईला चाऱ्यातून ९ किलो धरला. भाकड आणि आटलेल्या गाईला ८, बैलाला ८, गाभण कालवडीला ६, लहान कालवडीला साडेतीन, आणि शेळ्या रानातच जास्त खातात म्हणून अर्धा अर्धा किलो. सगळी बेरीज दिवसाला साधारण ९५ किलो कोरडा चारा. इथे कोरडा म्हणजे पाणी वजा करून, हे लक्षात ठेवा, कारण हत्तीगवतात ८० टक्के पाणीच असतं, ४० किलो हिरवं टाकलं तरी पोटात ८ किलोच गेलं.

आता किती दिवस चालवायचं? पाऊस ७ जूनला आला तरी दुसऱ्या दिवशी चारा उगवत नाही. गवत तोंडाला लागायला जुलैचा मध्य धरायचा. १० ऑक्टोबर ते १५ जुलै म्हणजे जवळपास २८० दिवस. गुणिले ९५, झाले साडेसव्वीस टन.

घरात काय होतं? मक्याचा वाळलेला चारा, बाजरीचं सरमाड, सोयाबीनचं भुसकट, मागच्या वर्षीचं थोडं गव्हाचं भुसकट, सगळं मिळून पाच टन, त्यातलं वाया जाणारं धरलं तर साडेचार. दहा गुंठे हत्तीगवत डिसेंबरपर्यंत दिवसाला ४० किलो देणार, त्याचे अर्धा-पाऊण टन. म्हणजे लागणार साडेसव्वीस, घरात पाच. सगळा गोठा तसाच ठेवला तर नोव्हेंबर संपता संपता गंजी संपणार होती! हे ऐकून काकू म्हणाल्या, "मला वाटत होतं होळीपर्यंत जाईल."

पाण्याचंही तेच. दुधाच्या गाईला उन्हाळ्यात ७० लिटरच्या पुढे पाणी लागतं, अख्ख्या गोठ्याला सातशे लिटर रोजचं. गावात टँकर येतो तो माणसांच्या हिशोबाने येतो.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, काहीच विकायचं नाही आणि चारा छावणीची वाट बघायची. आबांचं मन इकडेच होतं कारण २०१९ ला नगरकडच्या पाहुण्यांची जनावरं छावणीत जगली होती. छावणीने जनावरं जगतात, यात वाद नाही. पण ती दुष्काळ जाहीर झाल्या झाल्या सुरू होत नाही, प्रस्ताव, मंजुरी, चालवणारी संस्था हे सगळं होईपर्यंत उन्हाळा लागतो आणि आपल्या गावाजवळ होईलच असंही नाही. नोव्हेंबरमध्ये संपणारी गंजी छावणीपर्यंत पोचतच नव्हती.

दुसरा, कर्ज काढून सगळ्यांसाठी चारा घ्यायचा. २१ टन, तेव्हाच्या ७ रुपये किलोने दीड लाख, आणि उन्हाळ्यात भाव ११-१२ ला गेला तर सव्वादोन लाखाच्या पुढे. दुधाचा भाव तेव्हा पडत चालला होता, दिवाळीला २७ रुपयांवर आला. या दुधातून ते कर्ज फिटत नव्हतं.

तिसरा, सगळंच विकून मोकळं व्हायचं. मुलगा एकदा हे बोलून गेला. पण पाऊस पडल्यावर परत गोठा भरायचा तर त्यावेळी सगळेच घ्यायला निघतात, आत्ता ७० ला दिलेली गाय तेव्हा ९० ला पण मिळत नाही, आणि विकत आणलेल्या गाईबरोबर काय आजार घरात येईल ते वेगळंच.

चौथा म्हणजे निवड करायची. प्रत्येक जनावराला दोनच प्रश्न विचारायचे: जुलैपर्यंत हे किती रुपयांचं खाणार, आणि आज विकलं तर किती येतील व जुलैत याची किंमत काय असेल. सांगायला सोपं वाटतं पण घरात हे बोलताना डोळ्यात पाणी येतं, कारण वहीत प्रत्येक ओळीसमोर एक नाव असतं.

काय काय केलं

*उलटणारी गाय.* हिच्यापासून सुरुवात केली कारण इथे कुणाचं दुमत नव्हतं. ६ लिटर गुणिले २७ म्हणजे १६२ रुपये दिवसाला. साडेतीन किलो पेंड ३२ रुपयांनी ११२, चारा ९ किलो ६३ रुपयांचा. झाले १७५, म्हणजे रोज खिशातून १३ रुपये आणि दूध तर अजून कमीच होणार. गाभणही नाही. मी गर्भाशय तपासलं, जुना जंतुसंसर्ग होता, उपचाराने राहिली असती कदाचित, पण दोन-तीन महिने आणि खर्च लागला असता, तेवढी सवड या वर्षी नव्हती. घेणाऱ्याला ही गोष्ट लपवली नाही, तरी ३८ हजार आले कारण अंगावर मांस होतं आणि दुधात होती. तशीच एक गाय त्याच गावात फेब्रुवारीत २२ हजाराला गेली, बरगड्या मोजता येत होत्या तोपर्यंत.

*पहिल्या वेताची गाय.* खरा वाद इथे झाला. चांगली गाय, तरुण, गाभण, तब्येतीला एक नंबर. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, चांगली गाय कोण विकतं? वाईट विकायच्या ना?" माझं म्हणणं असं होतं की वाईट जनावरं विकून चाऱ्याएवढे पैसे उभेच राहत नाहीत. एक चांगली गाय आत्ता, बाजार चढा असताना विकली, तर तिच्या पैशात राहिलेल्या तिघींचा चारा दिवाळीच्या आत, स्वस्त असताना घेता येतो. ती ठेवली आणि पैसा नाही म्हणून सगळ्याच अर्धपोटी राहिल्या तर चारही गाईंचं दूध जातं, माज जातो, पुढचं वर्षही जातं. दोन दिवस घरात बोलणं चाललं. शेवटी काकूंनीच ठरवलं, त्याच धारा काढायच्या, त्यांना माहीत होतं की ही गाय अंगाने मोठी, खायला जास्त आणि अजून पहिल्याच वेताला असल्याने पांढरीएवढं दूध देत नाही. लोणीच्या बाजारात ७२ हजाराला गेली. आधी वाटेत थांबवून हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, साठ म्हणत होते, बाजारात धार काढून दाखवली म्हणून फरक पडला.

*बैलजोडी.* दोन्ही बैल दिवसाला १६ किलो खाणार, ११२ रुपये, २८० दिवसांचे ३१ हजार. आणि रान तर पडीकच, काम नाही. इथे कायद्याची बाजू पण समजून घ्यायला लागते. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू आहे, त्यामुळे बैलाला गिऱ्हाईक फक्त कामासाठी घेणारा. आणि कामाचं गिऱ्हाईक आमच्याकडे दोनदाच येतं, एक पेरणीआधी आणि एक ऊसतोड सुरू व्हायच्या आधी. त्या वर्षी गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होणार होता, बैलगाडीवाले तोडकरी दसऱ्याच्या आसपास बैल शोधत फिरत होते. दाराशी ७० हजाराची मागणी आली.

आबा नाही म्हणाले. "दावणीला बैल नाही तर ते दार कसलं," एवढंच बोलले आणि उठून गेले. अण्णांनी वडिलांपुढे आवाज केला नाही, तीन आठवडे गेले. दिवाळी झाल्यावर आबाच म्हणाले द्या म्हणून, तोवर ऊसवाल्यांची खरेदी उरकली होती, ५८ हजार आले. बारा हजार भावाचे आणि तीन आठवड्यांचा चारा, असा साधारण चौदा हजारांचा फरक. आबांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. जोडी त्यांनी वासरापासून वाढवली होती, ते तीन आठवडे त्यांना लागणारच होते. पण ते तीन आठवडे सप्टेंबरात मिळाले असते तर पैसे गेले नसते.

*म्हातारी गाय.* हिला बाजार नाही. गोशाळेत विचारलं, दुष्काळात त्या आधीच भरलेल्या असतात. मग ठरवून ठेवली, रोज ६ किलो भाताचा पेंढा, म्हणजे ३० रुपये, जुलैपर्यंत साडेआठ हजार. हा खर्च वहीत वेगळा लिहिला. मला हे पटलं. भावनेने एखादं जनावर ठेवायचं असेल तर त्याची रक्कम समोर लिहून ठेवा, म्हणजे बाकीच्यांच्या तोंडचा घास त्यात न कळत जात नाही.

*हलवलेली जनावरं.* अण्णांची बहीण निफाड तालुक्यात गोदावरीच्या कालव्यावर दिलेली आहे. तिकडे ऊस, भाजीपाला, पाणी. तांबडी, गाभण कालवड आणि दोन लहान कालवडी अशी चार जनावरं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गेली. इथे तारीख महत्त्वाची होती. तांबडी तेव्हा साडेसात महिन्यांच्या जवळ होती, अजून थांबलो असतो तर तिला टेम्पोत चढवताच आलं नसतं. शेवटच्या महिना-दीड महिन्यात गाभण गाय गाडीत घातली की ताणाने अवेळी विण्याची, पडून मार लागण्याची भीती असते. म्हणून १० ऑक्टोबरलाच तिचं दूध आटवायला घेतलं, ५ लिटरचा मोह सोडला. लम्पीची लस महिनाभर आधीच झालेली होती का ते बघितलं, दोघींची राहिली होती ती ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच टोचली, कारण लस टोचून अंगात ताकद यायला तीन आठवडे जातात आणि नवीन गोठ्यात रोग नेला तर बहिणीचं घर अडचणीत. गोचीड मारून, दाखला घेऊन पहाटे गाडी काढली.

बोलणी अशी झाली: लहान कालवडी अर्धलीने, म्हणजे वाढलेल्या किमतीत अर्धा अर्धा वाटा; तांबडी आणि मोठी कालवड व्याल्यावर दूध बहिणीचं, वासरं अण्णांची, जुलैत गाई परत.

*ठेवलेल्यांचा चारा.* राहिल्या पांढरी, चंद्री, कपिला, म्हातारी. शेळ्यांमधल्या वय झालेल्या आणि न राहणाऱ्या पाच लगेच विकल्या, सहा ठेवल्या. चार बोकड मात्र मुद्दाम ठेवले कारण बकरी ईद १७ जूनला येत होती आणि बोकड बाभळीच्या शेंगा, सुबाभूळ, कडुनिंबाचा पाला यावरच निम्मं पोट भरतात. आता रोजची गरज ९५ वरून ३७ किलोवर आली. २८० दिवसांचे साडेदहा टन, घरातले पाच वजा केले की साडेपाच विकत.

विकत कुठून? इगतपुरीकडे नोव्हेंबरात भाताची कापणी होते, पेंढा तिथे भरपूर असतो. चार टन पेंढा घरपोच ५ रुपयांनी पडला, वीस हजार. दुधाच्या गाईंसाठी तीन टन मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, ६ रुपयांनी, अठरा हजार. मुरघास महाग पडतो हे खरं (त्यात सत्तर टक्के पाणीच), पण नुसत्या पेंढ्यावर १७ लिटरची गाय टिकत नाही.

भाताच्या पेंढ्यात प्रथिनं नावालाच, म्हणून त्याला युरियाची प्रक्रिया केली. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडायचं, पायाने दाबायचं, वरून प्लास्टिक घट्ट झाकून २१ दिवस हवाबंद ठेवायचं. उघडल्यावर रंग पिवळसर तपकिरी आणि नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर जमलं. काळा पडला, बुरशीचा कुबट वास आला तर तो भाग खतात टाकायचा. खाऊ घालायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्यायचा, थोड्यापासून सुरू करून दहा दिवसांत वाढवायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. आणि युरिया न विरघळता खडे राहिले किंवा जनावराने युरियाचं पाणीच प्यायलं तर पोट फुगतं, थरथर सुटते, लाळ गळते आणि तासाभरात जनावर जाऊ शकतं, म्हणून युरियाची गोणी आणि भिजवायची बादली गोठ्यात ठेवायचीच नाही. हे मी काकूंना आणि मुलाला दोघांनाही समोर करून दाखवलं.

एक धोका मात्र गावात घडता घडता राहिला. कुणाच्या रानात पावसाअभावी खुरटलेली ज्वारी होती, सप्टेंबरच्या पावसाने तिला खालून कोवळे फुटवे आले, हिरवं दिसतंय म्हणून शेळ्या तिकडे वळल्या. अशा फुटव्यात विष असतं, किराळ लागते म्हणतात ती हीच. पोरगा जागेवर होता म्हणून हाकलल्या.

पुढे काय झालं

जानेवारीच्या सुरुवातीला तांबडी व्याली, कालवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला, गाय बसलीय, उठत नाही, मान पोटाकडे वळवून घेतलीय, कान गार लागतायत. फोनवरच कळलं की दुधाचा ताप आहे, नावात ताप असला तरी अंग गार पडतं आणि रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. निफाडच्या डॉक्टरांनी तासाभरात शिरेतून कॅल्शियम दिलं, दुपारी उभी राहिली. चौकशी केली तर दोन महिने तिला जवळपास नुसत्या उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, ठेवलं होतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सगळा दोष वाढ्याचा असं छातीठोक म्हणता येणार नाही, जास्त दुधाच्या गाईला हे एरवीही होतं, पण पुढे वाढं निम्म्यावर आणलं, बाकी सुका चारा आणि रोज खनिज मिश्रण सुरू केलं. नंतर एप्रिलमध्ये कालवड त्याच गोठ्यात काही त्रास न होता व्याली.

फेब्रुवारीत अण्णांच्या मनात आलं की तांबडी १२ लिटर देतेय तर तिला घरी आणावं, दुधाचं ५ रुपये अनुदान पण तेव्हा चालू होतं. हिशोब मांडला तर चारा आणि पाणी विकत घेऊन हातात दिवसाला फार काही उरत नव्हतं, आणि बहिणीशी दिलेला शब्द मोडत होता. आणली नाही.

बोअर फेब्रुवारीच्या शेवटी बंद पडला. खासगी टँकर घ्यावा लागला, पण तीनशे लिटर रोजच्या हिशोबाने एक टँकर पंधरवडाभर जायचा. सगळा गोठा असता तर आठवड्याला एक लागला असता. कपिला मार्चमध्ये व्याली, भर उन्हात, तिला सावलीला गोणपाट भिजवून बांधले, दूध अपेक्षेपेक्षा दोन-तीन लिटर कमीच राहिलं. एप्रिलमध्ये चारा थोडा कमी पडतोय दिसलं, एक टन भुसकट ११ रुपयांनी घ्यावं लागलं. नोव्हेंबरात तेच ७ ने मिळत होतं.

पांढरी जानेवारीत भरली आणि राहिली. चंद्री मात्र उन्हाळाभर माजच दाखवत नव्हती, पाठीचा कणा दिसायला लागला होता, ती थेट ऑगस्टमध्ये राहिली. चारा पुरला तरी पुरेसा नव्हता याची ही किंमत, एका गाईचे सहा-सात महिने.

बोकड ईदच्या आधीच्या पंधरवड्यात गेले, चौघांचे मिळून ६१ हजार, जे ऑक्टोबरात तीस-बत्तीसच्या वर आले नसते. जुलैच्या मध्याला गाई घरी आल्या. दावणीला आता पांढरी, चंद्री, कपिला, तांबडी, व्यालेली कालवड, म्हातारी, एक लहान कालवड आणि वासरं. कर्ज नाही. त्याच गावात नऊ जनावरांचा एक गोठा मार्चपर्यंत थांबला होता, त्यांनी पाच जनावरं मिळेल त्या भावाने काढली आणि उरलेल्यांसाठी सोसायटीचं कर्ज केलं.

वेगळं काय करता आलं असतं

अर्धलीचं बोलणं तोंडी झालं आणि देताना कालवडींची किंमत धरायची राहून गेली. जुलैत वाढीचा अर्धा वाटा काढायचा तर सुरुवातीची किंमत अण्णा वीस म्हणायचे आणि मेहुणे पंधरा. बहीण-भावात आठ दिवस बोलणं कमी झालं. शेवटी दोन कालवडींपैकी एक तिकडे, एक इकडे असं मिटलं, तेही बहिणीने मधे पडून. न्यायच्या दिवशी दोन माणसांसमोर किंमत ठरवून, फोटो काढून, जनावर मेलं तर नुकसान कोणाचं हेही लिहून ठेवलं असतं तर हे झालं नसतं. जनावरासोबत चाऱ्याची चिठ्ठी पण जायला हवी होती, वाढं किती, सुकं किती, खनिज किती. तांबडीच्या बाबतीत ते थोडक्यात निभावलं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी संधी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेली. दीड एकर मका तेव्हा हिरवा होता, कणीस भरणार नाही हे दिसत होतं, तरी पाऊस येईल आणि दाणा धरेल या आशेने उभा ठेवला आणि महिन्याभरात उभ्या उभ्या वाळला. त्याच वेळी कापला असता तर खुरटला असला तरी आठ-नऊ टन हिरवा निघाला असता आणि त्याचा मुरघास करून दुधाच्या गाईंना पाच-सहा महिने चांगला चारा झाला असता, तीन टन विकत घ्यायची गरजच नव्हती. त्यात काळजी एकच, ताण बसलेल्या मक्याच्या बुडख्यात नायट्रेट साठतं, म्हणून कापताना वीतभर बुडखा रानातच सोडायचा, पाऊस झाला असेल तर लगेच चार-पाच दिवसांत कापायचा नाही, आणि मुरघास दीड-दोन महिने मुरल्यावरच उघडायचा म्हणजे नायट्रेट बरंच कमी होतं. धान्य की चारा हे ठरवायची वेळ फुलोऱ्याला येते. तुरा आल्यावर पंधरा-वीस दिवस पाणी नाही आणि कणीस सोलून बघितलं तर दाणे विरळ, तर तो मका आता चाऱ्याचाच आहे असं समजून मुरघासाच्या बॅगा आणायला निघायचं.